सुपे कापसाचे गाव नव्हते

अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तेथील कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला, मुंबई इलाख्यातील कापसाला सोन्याचा भाव आला, युद्ध संपताच तो कोसळला, शेतकरी कर्जात बुडाले आणि १८७५ साली दख्खनमध्ये त्यांनी सावकारांविरुद्ध दंगे केले, अशी कार्यकारणाची साखळी आपली पाठ्यपुस्तके दोन पिढ्या तरी विद्यार्थ्यांना देत आली आहेत. हुशार विद्यार्थी ती पाठ करतो, परीक्षेत उतरवतो आणि पूर्ण गुण मिळवतो. तथापि इतिहास, अर्थशास्त्र आणि भूगोल यांची एकत्र कसोटी पाहणारा प्रश्न ज्याला रचावयाचा आहे, त्याने याच साखळीवर बोट ठेवून एवढेच विचारावे: १२ मे १८७५ रोजी दंग्याला जेथे तोंड फुटले ते सुपे गाव नकाशावर दाखवा, आणि कापसाच्या मंदीने पहिला भडका तेथेच का उडावा हे सांगा.

असल्या प्रश्नांची प्रचलित रचना मला मान्य नाही. एखादा विषय घेऊन ‘अ’ भागात त्याचा इतिहास, ‘आ’ भागात अर्थकारण आणि ‘इ’ भागात भूगोल विचारला म्हणजे तीन शास्त्रांचा संबंध जोडला गेला असे मानले जाते. वस्तुतः तेथे तीन प्रश्न शेजारी मांडलेले असतात, आणि त्यांतला एक गाळला तरी उरलेल्या दोहोंच्या उत्तरांत काडीचाही फरक पडत नाही. खरा जोडप्रश्न तो, ज्यातील एक शास्त्र वगळताच उत्तर चुकते.

सुप्याचा प्रश्न या कसोटीस उतरतो. सुपे हे पुणे जिल्ह्याच्या भीमथडी तालुक्यातील बाजारपेठेचे गाव, आज बारामती तालुक्यात मोडणारे. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील या मुलखात वर्षाकाठी सुमारे पाचशे मिलिमीटर पाऊस पडतो, तोही बेभरवशाचा; येथली मुख्य पिके ज्वारी आणि बाजरी. कापसाचा खरा प्रदेश म्हणजे खोल काळ्या जमिनीचा आणि याहून बराच अधिक पाऊस मिळणारा वऱ्हाड, आणि त्याच्या पश्चिमेचा खानदेश. भाव कोसळल्याने दंगे झाले असते तर ते अमरावती-खामगावकडे व्हावयास हवे होते. ते झाले पुणे आणि अहमदनगर या जिल्ह्यांत. ज्या विद्यार्थ्याने नकाशा उघडला नाही, त्याला येथे काही विसंगती आहे याची शंकाही येणार नाही.

दुसरी अडचण कालगणनेची. युद्ध १८६५ च्या एप्रिलात संपले, त्याच वर्षी मुंबईचा शेअरबाजार कोसळला. दंगे मात्र दहा वर्षांनी झाले. एवढ्या दीर्घ अंतरावरून कारण कार्यापर्यंत पोहोचले असेल, तर कोणत्या वाटेने पोहोचले हे दाखविण्याचा भार उत्तर देणाऱ्यावर पडतो.

वाटा शोधू लागले की दोन सापडतात, आणि दोन्ही भीमथडीतून जातात. तेजीच्या काळात कापूस पिकविला नाही तरी पैसा हाती येत होता. बोरघाटातील लोहमार्गाचे काम १८६३ पर्यंत चालले होते, पुण्याहून सोलापूरकडे जाणारा लोहमार्ग भीमथडीतूनच गेला होता, मजुरी वाढली होती, गाडीभाडे वाढले होते आणि धान्यही महागले होते. ज्याच्याजवळ चार पैसे खेळतात त्याला सावकारही हात सैल सोडून देतो. ही पहिली वाट, पतपुरवठ्याची.

दुसरी वाट जमाबंदीची, आणि माझ्या मते तीच अधिक महत्त्वाची. दख्खनमधील रयतवारी आकारणी तीस वर्षांच्या मुदतीची असे. भीमथडीच्या शेजारच्या इंदापूर तालुक्यात ती १८३६-३७ च्या सुमारास बसली होती, म्हणून तिची मुदत संपून फेरआकारणीची वेळ आली ती नेमकी १८६६-६७ च्या सुमारास, म्हणजे तेजीच्या भावांचे आकडे दप्तरात ताजे असताना. मोजणी अधिकाऱ्यांनी त्या भावांकडे पाहून सारा वाढविला, आणि काही तालुक्यांत ही वाढ निम्म्याहूनही अधिक झाली. युद्धाने चढलेला भाव चार-पाच वर्षांचा पाहुणा होता. त्याच्या आधारे बसविलेला सारा तीस वर्षांसाठी कायम झाला. ही वाढ अतोनात झाल्याचे खुद्द सरकारलाही पुढे जाणवले असावे, कारण १८७४ साली त्याने वाढीवर मर्यादा घातली: तालुक्याला शेकडा ३३, गावाला ६६, आणि एका खातेदाराला शेकडा १००.

आता सारा नगदीत आणि ठरल्या हप्त्याला भरावयाचा, पीक मात्र पावसाच्या मर्जीवर; हप्ता चुकू नये म्हणून रयत सावकाराच्या ओट्यावर जाते. येथे १८५९ चा मुदतीचा कायदा आडवा येतो. जुनी खते अनंत काळ चालवून सावकाराने व्याज फुगवू नये म्हणून साध्या खतावरील दाव्यास तीन वर्षांची मर्यादा घालण्यात आली. सावकाराने दर तीन वर्षांनी थकलेले व्याज मुद्दलात घालून नवे खत लिहून घेण्याचा परिपाठ सुरू केला. विद्यार्थ्याने हा हिशेब प्रत्यक्ष करून पाहावा. १८६५ साली शंभर रुपये दरमहा शेकडा दोन दराने घेतले आणि परतफेड झालीच नाही असे धरले, तर सरळव्याजाने नऊ वर्षांअखेर ३१६ रुपये देणे होते. परंतु तीन वर्षांनी १७२ चे खत, सहा वर्षांनी सुमारे २९६ चे आणि १८७४ मध्ये सुमारे ५०९ चे! दहा वर्षांच्या अंतराचे कोडे या त्रैराशिकाने बरेचसे उलगडते.

याच १८७४ च्या डिसेंबरात शिरूर तालुक्यातील करडे गावी काळूराम नावाच्या सावकाराने बाबासाहेब देशमुख यांच्याविरुद्ध हुकूमनामा मिळविला आणि त्यांचे घर पाडावयास घेतले. गावकऱ्यांनी सावकारांवर बहिष्कार घातला. न्हाव्याने हजामत करू नये, पाणक्याने पाणी भरू नये, असे ठरले. पाच महिन्यांनी सुप्याच्या बाजारच्या दिवशी जमलेल्या लोकांनी सावकारांची घरे-दुकाने फोडली. जमावाचा रोख खतांवर होता. सावकाराने कागद निमूटपणे हवाली केले तेथे बहुधा त्याच्या अंगाला हात लागला नाही. मूळ कारण सारा की सावकार, या वादात ही गोष्ट विद्यार्थ्याने दोन्ही बाजूंनी वापरून पाहावी, कारण जाळलेल्या खतांवरून सावकारी हे कारण म्हणता येते, आणि खत का लिहावे लागले असे विचारताच सारा पुढे येतो. सरकारने नेमलेल्या चौकशी मंडळाचा अहवाल वाचताना तो सारा बसविणाऱ्या सरकारपुढेच सादर झाला आहे, हेही ध्यानात ठेवावयास हवे.

उत्तम उत्तराने आपल्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. हे दंगे थोडक्या गावांत झाले आणि काही आठवड्यांत शमले. नील चार्ल्सवर्थ या इतिहासकाराने तर त्यांचे महत्त्व फुगविले गेले आहे असे प्रतिपादन केले. शेजारच्या, तितक्याच कोरड्या आणि तितक्याच कर्जबाजारी कित्येक गावांत काहीच घडले नाही, आणि माझी वर दिलेली साखळी त्यांच्या शांततेचा उलगडा करीत नाही. जो विद्यार्थी हे स्वतः होऊन लिहील त्याला मी अधिक गुण देईन.

त्याच्यासाठी पुढचा प्रश्न असा. १८७९ चा दख्खनच्या शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा प्रथम पुणे, अहमदनगर, सोलापूर आणि सातारा या चार जिल्ह्यांना लागू झाला. सोलापूर-साताऱ्याचा समावेश झाला, पण कापूस पिकविणारा खानदेश वगळला गेला. पर्जन्यमानाचा नकाशा, फेरआकारणीच्या तारखा आणि १८७६-७७ च्या दुष्काळाची व्याप्ती एकापुढे एक मांडून या सीमारेषेचे कारण शोधा.