डोळे मिटायला सांगणारा वकील

‘अ टाइम टू किल’ (१९९६) या चित्रपटात वकील जेक ब्रिगन्स लिहून आणलेलं भाषण बाजूला ठेवतो आणि ज्यूरीला डोळे मिटायला सांगतो. अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यातलं हे कोर्ट. ज्यूरीत सगळे गोरे. आरोपी कार्ल ली हेली कृष्णवर्णीय. त्याच्या दहा वर्षांच्या मुलीवर दोन गोऱ्यांनी बलात्कार केला आणि त्याने कोर्टाच्या इमारतीतच दोघांना गोळ्या घातल्या.

खून केला हे सगळ्यांना ठाऊकच आहे. बचाव एकच, त्या क्षणी तो भानावर नव्हता. पण साक्षीला आणलेल्या मनोविकारतज्ज्ञाचं जुनं प्रकरण सरकारी वकील उकरून काढतो आणि तो आधारही ढासळतो. मग कोठडीत कार्ल लीच जेकला सुनावतो, तूही त्यांच्यातलाच आहेस; तुझी खात्री कशाने पटेल, तेच त्यांना सांग.

म्हणून जेक दुसऱ्या दिवशी कायद्याबद्दल फारसं बोलतच नाही. तो फक्त एक दुपार सांगतो. दुकानातून सामान घेऊन घरी निघालेली लहान मुलगी, अचानक आलेला ट्रक, बिअरच्या भरलेल्या कॅनचा मारा, फास टाकल्यावर मोडलेली फांदी आणि शेवटी पुलावरून खाली फेकलेला देह. वाक्यं छोटी, मध्ये थांबे. नाव नाही, आडनाव नाही. त्यामुळे मिटल्या डोळ्यांपुढे प्रत्येकाला आपल्याच घरातली पोर दिसू लागते. आता ती मुलगी गोरी आहे असं समजा, एवढंच तो शेवटी म्हणतो.

हा तपशील सुरुवातीलाच आला असता, तर ज्यूरी सावध झाली असती. हा वकील आपल्याला वर्णद्वेषी ठरवतोय, असं वाटून चिडलीही असती. तो शेवटी येतो तेव्हा रडू आधीच फुटलेलं असतं. एका मुलीसाठी फुटलेलं रडू दुसरीसाठी का नव्हतं, हे ज्याचं त्यालाच उमगतं.

खऱ्या कोर्टात मात्र हे इतकं सहज खपणार नाही. ‘स्वतःला पक्षकाराच्या जागी ठेवून पाहा’ असं आवाहन ज्यूरीला करायला अमेरिकी कोर्टांत साधारणपणे मनाई आहे. त्याला ‘गोल्डन रूल’ युक्तिवाद म्हणतात. जेकचं आवाहन अगदी तेच नसलं, तरी त्याच्या फार जवळ जातं, आणि वर वंशाचा मुद्दा. जागरूक सरकारी वकील अर्ध्यातच हरकत घेईल. आपल्याकडे तर ज्यूरीच उरलेली नाही.

गंमत म्हणजे जॉन ग्रिशॅमच्या १९८९ च्या मूळ कादंबरीत ही कल्पना जेकच्या तोंडी नाहीच. तिथे निकालासाठी बंद खोलीत बसलेली ज्यूरीतलीच एक बाई इतरांना डोळे मिटायला लावते आणि मुलीचा रंग बदलून पाहायला सांगते. तिथे ना न्यायाधीश, ना हरकत घेणारं कुणी. पण प्रेक्षकांना ती खोली दिसली असती, तर नायकाला शेवटी कोर्टाबाहेर ताटकळत बसवावं लागलं असतं.