फॉर्म भरून घेतला, पुढे काय?

गेल्या वर्षी आम्ही वकील मंडळींनी तालुक्याच्या गावी एक दिवसाचे कायदा शिबिर घेतले. नोंदणीच्या फॉर्मवर शेवटी एक ओळ छापली होती, 'काही विशेष गरज असल्यास लिहावी.' एका ताईंनी त्या ओळीपुढे स्वच्छ अक्षरात लिहिले, 'मी व्हीलचेअर वापरते.' शिबिराच्या दिवशी त्या वेळेवर आल्या. सभागृहाला तीन पायऱ्या. चार तरुण कार्यकर्ते धावले, खुर्चीसकट ताईंना उचलले आणि आत नेऊन ठेवले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आम्हीही वाजवल्या. दुपारी जेवताना ताईंनी पाणी घेतले नाही, कारण शौचालय मागच्या बाजूला, दोन पायऱ्या उतरून, अरुंद दाराचे. निघताना त्या म्हणाल्या, "वकीलसाहेब, मी फॉर्मवर लिहिलं होतं. कुणी वाचलं का?"

कुणीही वाचले नव्हते. फॉर्म जेवणाची पाने मोजण्यासाठी खजिनदाराकडे गेले आणि तिथेच राहिले.

बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात १९२३ साली मंजूर झाला आणि महाड नगरपालिकेने १९२४ साली तळे खुले असल्याचा ठरावही केला. तरीही १९२७ साली बाबासाहेबांना चवदार तळ्यावर जावे लागले. ठराव होता, पाणी मिळत नव्हते. हे आपण दर २० मार्चला व्यासपीठावरून सांगतो. आमच्या फॉर्मवरची ती ओळ तसलाच ठराव होती.

यंदा आम्ही आधी प्रश्न बदलला. 'विशेष गरज' म्हणजे काय हे कुणाला कळत नाही आणि संकोची माणूस जागा कोरी सोडतो. 'तुम्हाला कोणते अपंगत्व आहे?' हाही प्रश्न निरुपयोगी. २०१६ च्या अपंग हक्क कायद्यात एकवीस प्रकार आहेत. पण प्रकाराचे नाव कळून सभागृहात काय करायचे ते कळत नाही. दोन अंध बांधवांपैकी एकाला ब्रेल येते, तर पन्नाशीत दृष्टी गेलेला दुसरा ब्रेल कधी शिकलेलाच नसतो. म्हणून आम्ही सोयीच छापल्या: व्हीलचेअरसाठी जागा व उतार, सांकेतिक भाषेचा दुभाषी, मोठ्या अक्षरातील कागद, ब्रेल किंवा मोबाइलवर ऐकता येणारी फाइल, सोबत येणाऱ्या मदतनीसाची खुर्ची. खाली 'याशिवाय काही' म्हणून जागा सोडली. चौकशीसाठी फक्त फोन नंबर देण्याची चूकही सुधारली. कर्णबधिर माणूस फोन कसा करणार? त्यामुळे मेसेज चालेल असे स्पष्ट लिहिले. फॉर्म परत देण्याची मुदत शिबिराच्या एक महिना आधीची ठेवली, कारण दुभाषी आठवड्याभरात मिळत नाहीत.

आलेले प्रत्येक उत्तर एका वहीत उतरवले. समोर करणाऱ्याचे नाव, तारीख आणि खर्च. शेवटच्या रकान्यात 'त्या व्यक्तीला कळवले का?' वही एकाच कार्यकर्तीकडे. कुणाच्या शरीराची माहिती चहाच्या टपरीवर चर्चेला जाऊ नये, एवढे पथ्य पाळले.

उताराचे पाहा. मंडपवाल्याला सांगितले तर तो म्हणाला, "फळी टाकतो, साहेब." त्याची फळी सहा फुटांची. तीन पायऱ्या सहा-सहा इंचांच्या, म्हणजे चढ दीड फुटाचा. नियम असा की एक इंच चढाला बारा इंच लांबी हवी, म्हणजे अठरा फूट उतार. सहा फुटी फळीवर खुर्ची मागे उलटते आणि ढकलणाऱ्यालाही घेऊन पडते. शेवटी लोखंडी चौकटीवर प्लायवूड ठोकून अठरा फुटी उतार केला आणि दोन्ही बाजूंना कठडा लावला. तरीही आदल्या संध्याकाळी रिकामी व्हीलचेअर ढकलून पाहिली तर ती दारातच अडली. दोन फळ्यांच्या दाराची एक फळी कायम कडी लावून बंद असते, हे आमच्या डोळ्यांना कधी दिसलेच नव्हते! दुसरी कडी काढली आणि तीन फुटांची वाट मोकळी झाली. आत दुसऱ्या रांगेतल्या खुर्च्या काढून तीन फूट रुंद व चार फूट लांब जागा ठेवली, शेजारी मदतनीसाची खुर्ची. व्यासपीठाला मात्र उतार केला नाही. व्हीलचेअरवरचा माणूस श्रोताच असणार, वक्ता नव्हे, हे आम्ही न बोलता गृहीत धरले होते.

दुभाष्यांची गोष्ट वेगळी. एकच दुभाषी सांगून पैसे वाचवू, असा आमचा विचार होता. परंतु हाताने आणि मेंदूने सतत भाषांतर करणारा माणूस वीस-तीस मिनिटांत थकतो आणि मग वाक्ये गळू लागतात. बहिऱ्या श्रोत्याला काय गळले तेही कळत नाही. म्हणून दिवसभराच्या कार्यक्रमाला दोघे हवेत. त्यांनी भाषणे आधी मागितली. आम्हा वकिलांना कागदाविना बोलण्याची खोड. तरी दोन दिवस आधी मुद्दे आणि कलमांची यादी पाठवली. 'दखलपात्र गुन्हा', 'अटकपूर्व जामीन' यांसाठी कोणती खूण वापरायची, हे त्यांना कर्णबधिर श्रोत्यांशी आधी ठरवायचे होते. दुभाषी वक्त्याशेजारी, प्रकाशात उभे राहिले. फोटो काढणारे मध्ये येऊ नयेत म्हणून एक कार्यकर्ता तेवढ्यासाठीच नेमला.

तरीही एका तरुणाच्या बाबतीत आम्ही चुकलो. तो कधी शाळेतच गेला नव्हता. त्याला भारतीय सांकेतिक भाषा येत नव्हती, फक्त घरातल्या खुणा येत होत्या. त्याच्यासाठी दोन दुभाषी असून नसल्यासारखे. त्याची बहीण शेजारी बसून जमेल तेवढे सांगत राहिली. 'दुभाषी हवा' अशी खूण पाहून आम्ही खूश झालो. कोणत्या खुणा समजतात, हे मेसेज करून विचारले नाही.

मोठ्या अक्षरातील कागदांत फसगत होणारच होती. झेरॉक्सवाला म्हणाला, मोठे करून देतो. त्याने दिलेले पान वर्तमानपत्राएवढे. हातात धरता येईना आणि अक्षरांच्या कडा फुटलेल्या. मजकूरच अठरा पॉइंटमध्ये पुन्हा लावावा लागतो. मराठीत वर वेलांटी आणि खाली उकार असल्याने ओळींत जास्त अंतर लागते. कागद चकचकीत नको, त्यावर दिव्याची तिरीप येते. चार पानांची आमची पुस्तिका दहा पानांची झाली. मोबाइलवर ऐकण्याची फाइल तर पहिल्यांदा निव्वळ अगम्य निघाली. प्रेसवाल्याने मजकूर जुन्या डीटीपी फॉण्टमध्ये टाइप केला होता. पडद्यावर मराठी दिसते, पण वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला त्यात इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसतो. सारे युनिकोडमध्ये पुन्हा टाइप केले. पाठवण्याआधी स्वतः मोबाइलवर ऐकले, तेव्हा खात्री पटली.

शौचालय मात्र सुधारता आले नाही. सभागृहाच्या मालकाला आम्ही कायद्याचे कलम २ दाखवले. लोकांच्या वापराची खासगी इमारतही त्यात 'सार्वजनिक इमारत' आहे. तो हसून म्हणाला, "पुढच्या वर्षी बघू." मग कार्यकर्तीने चार दिवस आधी ताईंना फोन करून खरे ते सांगितले: उतार आहे, जागा आहे, शौचालय नाही, समोरच्या गुरुजींच्या घरी तळमजल्यावर कमोड आहे आणि त्याचे दार आम्ही मोजले आहे, तीस इंच. ताईंनी त्यांच्या खुर्चीचे माप सांगितले, पंचवीस.

त्या आल्या. स्वतः चाके फिरवत उतारावरून वर गेल्या. दुपारी जेवणानंतर दोन पेले पाणी प्यायल्या आणि पोटगीच्या सत्रात आम्हाला तीन प्रश्न विचारले. त्यांतल्या एकाचे उत्तर आम्हाला अजून शोधून द्यायचे आहे. पुढच्या शिबिरात त्यांना बोलायला सांगायचे ठरले आहे, म्हणून यंदा मंडपवाल्याला व्यासपीठाची उंची आधीच विचारली. अडीच फूट. म्हणजे तीस फूट उतार. तेवढी जागा त्या सभागृहात नाही. व्यासपीठ एक फुटावर आणता येईल का, ते आता पाहत आहोत.