‘दुसरीकडून उचलला’ हे ऑडिट क्वेरीच्या उत्तरात कसं लिहायचं?

अकाउंट्स क्लार्कचं बोलणं भारदस्त भाषेत घातलं की ऑडिट क्वेरीचं उत्तर तयार झालं, असा समज बऱ्याच कार्यालयांत आहे. त्यातून ‘अपरिहार्य कारणास्तव’ छापाची वाक्यं निपजतात. ती वजनदार दिसतात खरी, पण क्लार्कनं दिलेली माहिती त्यांत गळते, कधी बदलतेही.

समजा, एका उत्पादनासाठी १०,००० किलो कच्चा माल ₹८० दराने, म्हणजे ₹८,००,००० खर्च प्रमाणित धरला होता. प्रत्यक्षात १०,५०० किलो माल ₹८४ दराने लागला आणि खर्च ₹८,८२,००० झाला. ₹८२,००० जादा का, अशी क्वेरी आली. क्लार्क सांगतो, “साहेब, नेहमीच्या पार्टीकडे माल नव्हता, दुसरीकडून उचलला. शिवाय नवीन डाय बसवली तेव्हा थोडा माल वाया गेला.” मसुद्यात याचं होतं ‘बाजारभावातील वाढीमुळे खर्च वाढला’. बाजार चढल्याचं क्लार्क बोललाच नव्हता! त्याच महिन्यातलं ₹८० दराचं कोटेशन फाइलमध्ये निघालं, तर हे वाक्य कंपनीच्याच अंगाशी येतं.

शिवाय दरामुळे वाढले ते फक्त ₹४२,०००, म्हणजे १०,५०० किलोवर किलोमागे ₹४. उरलेले ₹४०,००० जादा वापराचे आहेत: ५०० किलो, प्रमाणित दर ₹८०. म्हणून क्लार्कची दोन वाक्यं दोन रकमांना वेगवेगळी जोडावी लागतात. पहिल्याला आधार नेहमीच्या पुरवठादाराचं नकाराचं पत्र, नवी खरेदी ऑर्डर आणि बिल यांचा; दुसऱ्याला स्टोअरच्या इश्यू स्लिपा आणि स्क्रॅप रजिस्टर यांचा. ‘थोडा’ म्हणजे किती, हे रजिस्टरच सांगेल. तिथे डाय बसवली त्या तारखांना ३८० किलोची नोंद असेल, तर ₹३०,४०० चा खुलासा होतो. १२० किलोचे ₹९,६०० तरीही उरतात.

ते कबूल केले तर लेखापरीक्षकाच्या हाती आयता मुद्दा जाईल, हा आक्षेप अगदीच पोकळ नाही. अहवालात शेरा येऊ शकतो. पण लेखापरीक्षण मानक एसए ५०० नुसार नुसती विचारपूस सहसा पुरेसा पुरावा ठरत नाही, त्यामुळे लेखापरीक्षक स्लिपा मागवणारच. त्या १२० किलोंवर डायचंच कारण चिकटवलेलं त्याला दिसलं, तर नीट सिद्ध झालेल्या ३८० किलोंवरही शंका येते. साहेबांची सही असलेलं निवेदन जोडलं की भागतं, हाही भ्रमच. एसए ५८० प्रमाणे लेखी निवेदन आवश्यक असलं, तरी एकट्यानं ते पुरेसा पुरावा होत नाही.

तेव्हा शेवटचं कलम साधं असावं: ‘१२० किलो (₹९,६००) जादा वापराची नोंद स्क्रॅप रजिस्टरमध्ये आढळली नाही; स्टोअरकडून पडताळणी सुरू आहे.’ मात्र पडताळणी खरोखर सुरू असेल, तरच हे लिहावं. नाहीतर पुढची क्वेरी त्याच वाक्यावर येते.