बरोबरीत पुढे कोण?

एका शिबिराची नावनोंदणीची यादी घ्या. नावे अकारविल्हे लावलेली आहेत: केदार, प्रशांत, रेखा. केदार आणि प्रशांत भोर तालुक्यातले, रेखा जुन्नरची. आता संयोजकांना हीच यादी तालुक्यांप्रमाणे हवी आहे. ‘जुन्नर’ आधी, ‘भोर’ नंतर. तालुक्याच्या आत नावे अकारविल्हेच राहतील, हे त्यांनी गृहीतच धरलेले आहे. म्हणजे रेखा, केदार, प्रशांत.

सॉर्टिंगच्या अगदी सोप्या पद्धतींपैकी एक म्हणजे सिलेक्शन सॉर्ट. तिची रीत अशी, की सगळ्या यादीतून सर्वांत आधी यायला हवी ती नोंद हुडकायची आणि पहिल्या जागेवरच्या नोंदीशी तिची अदलाबदल करायची. इथे जुन्नरची रेखा सापडते. ती केदारच्या जागी जाते आणि केदार तिच्या, म्हणजे तिसऱ्या जागी. यादी होते रेखा, प्रशांत, केदार. तालुक्यांचा क्रम चोख आहे, पण भोरमध्ये प्रशांत केदारच्या पुढे गेला. तरीही प्रोग्रामचे काही चुकले असे म्हणता येत नाही. त्याला फक्त तालुका बघायला सांगितला होता आणि दोघांचा तालुका एकच आहे.

पत्त्यांच्या डावात आपण हातातली पाने लावतो, तशी चालणारी इन्सर्शन सॉर्ट इथे वेगळी वागते. नवी नोंद उचलायची आणि आपल्यापेक्षा मोठी नोंद दिसेल तोवर एकेक घर डावीकडे सरकायचे. रेखा प्रशांतला ओलांडते, मग केदारला, आणि ते दोघे आपापला क्रम न मोडता एकेक घर उजवीकडे सरकतात. बरोबरीच्या नोंदींचा मूळ क्रम असा शाबूत ठेवणाऱ्या पद्धतीला ‘स्टेबल’ म्हणतात. नोंदींना लांब उड्या मारायला लावणाऱ्या पद्धती सहसा स्टेबल नसतात, कारण उडीत मधल्या बरोबरीच्या नोंदी नकळत ओलांडल्या जातात.

इन्सर्शन सॉर्ट दहा-वीस नोंदींना झकास आहे, पण लाखभर नोंदी उलट्या क्रमाने आल्या तर एकेक घर सरकण्यात तिचा दम निघतो. मोठ्या याद्यांसाठी स्टेबल पद्धत म्हणजे मर्ज सॉर्ट. जॉन फॉन नॉयमन यांनी 1945 मध्ये ती मांडली. यादीचे दोन भाग करायचे, प्रत्येक भाग याच रीतीने लावून घ्यायचा आणि मग दोन्ही भागांच्या तोंडच्या नोंदी ताडून लहान असेल ती उचलत जायचे. बरोबरी झाली तर डाव्या भागातली आधी घ्यायची, की झाली पद्धत स्टेबल. प्रोग्राममध्ये ही सगळी हमी एका चिन्हावर उभी असते:

```c
if (left[i] <= right[j])
    out[k++] = left[i++];
else
    out[k++] = right[j++];
```

पहिल्या ओळीतल्या `<=` मधले बरोबरीचे चिन्ह गळाले, तर बरोबरीत उजवीकडची नोंद आधी उचलली जाते आणि मूळ क्रम बिघडतो. यादी तरीही तालुक्यांप्रमाणे नीट लागलेली दिसते, म्हणून ही चूक नुसत्या नजरेला सापडत नाही.

मर्ज सॉर्टची दुसरी मोठी बाजू म्हणजे तिला वाईट दिवस नसतात. यादी कशीही येवो, एक लाख नोंदींना फार तर सतरा लाखांच्या आसपास तुलना लागतात. याची किंमत मेमरीत मोजावी लागते. वरच्या तुकड्यातला `out` ही वेगळी जागा आहे. एक लाख नोंदी, प्रत्येकी 200 बाइटच्या असतील, तर मूळ दोन कोटी बाइटच्या जोडीला साध्या मांडणीत आणखी दोन कोटी बाइट मोकळे हवेत. आजच्या संगणकाला हे ओझे नाही. पण काही किलोबाइट मेमरीवर चालणाऱ्या छोट्या उपकरणात, किंवा मुळातच निम्म्याहून जास्त मेमरी यादीनेच व्यापली असेल तर, हा हिशेब जमत नाही.

जागा वाचवायची तर क्विक सॉर्ट. टोनी होर यांनी ती 1961 मध्ये प्रसिद्ध केली. यादीतली एक नोंद ‘पिव्हट’ म्हणून निवडायची, तिच्याहून लहान नोंदी डावीकडे आणि मोठ्या उजवीकडे करायच्या, मग दोन्ही बाजूंना तेच करत राहायचे. सगळी हलवाहलव मूळ यादीतच होते. कोणता तुकडा करायचा बाकी आहे एवढेच लक्षात ठेवावे लागते, आणि त्याला किरकोळ जागा पुरते. गंमत म्हणजे सरासरीने तिला मर्जपेक्षा जास्त तुलना लागतात, लाखाला साधारण तेवीस लाख. तरीही ती बहुधा आधी उरकते, कारण ती मेमरीत ओळीने पुढे सरकते, नोंदी दुसरीकडे उतरवून घेत बसत नाही आणि प्रोसेसरजवळच्या कॅश मेमरीचा पुरेपूर फायदा उठवते. स्टेबल मात्र ती नाही, कारण तिचे काम दूरच्या अदलाबदलींवरच चालते.

तिचा खरा धोका पिव्हटमध्ये आहे. नेहमी पहिलीच नोंद पिव्हट धरली आणि यादी आधीच लागलेली आली, तर डावीकडे काहीच जात नाही. 99,999 नोंदी उजवीकडे, मग 99,998, मग 99,997. एकूण तुलना होतात 4,99,99,50,000, म्हणजे जवळजवळ पाचशे कोटी. तेवीस लाखांत होणाऱ्या कामाला पाचशे कोटी! हे ओळखायची खूणही सोपी आहे. नोंदी दुप्पट केल्यावर वेळ दुपटीहून थोडाच जास्त लागला तर ठीक. चौपट लागला, तर क्विक सॉर्ट आपल्या वाईट दिवसात सापडली आहे असे समजावे.

पहिली, मधली आणि शेवटची अशा तीन नोंदींतली मधल्या किमतीची पिव्हट धरली, की लावलेल्या यादीचा प्रश्न मिटतो. पण मुद्दाम रचलेल्या यादीचा मिटत नाही. डग्लस मॅकिलरॉय यांनी 1999 मध्ये हे झणझणीतपणे दाखवून दिले. त्यांच्या प्रोग्राममध्ये नोंदींच्या किमती आधी ठरलेल्याच नसतात. क्विक सॉर्ट तुलना विचारत जाते आणि हा विरोधक तिला सर्वांत महाग पडतील अशी उत्तरे जागच्या जागी ठरवत जातो, मागच्या उत्तरांशी विसंगत न होता. बाहेरून येणारी माहिती सॉर्ट करणाऱ्या सर्व्हरला असा त्रास कोणी मुद्दाम देऊ शकतो.

यावर डेव्हिड मसर यांनी 1997 मध्येच तोड सुचवली होती, ती इंट्रोसॉर्ट. सुरुवात क्विकनेच करायची, पण विभागणी किती पातळ्या खोल गेली ते मोजत राहायचे. लाख नोंदींसाठी बत्तीस-तेहतीस पातळ्यांची मर्यादा ओलांडली, की दैव फिरले असे मानून तो तुकडा हीप सॉर्टकडे सोपवायचा. विल्यम्स यांनी 1964 मध्ये दिलेली हीप सॉर्ट जागा जवळजवळ मागतच नाही आणि कोणत्याही यादीवर वेळेची हमी देते. मात्र ती मेमरीत दूरदूर उड्या मारते, त्यामुळे रोजच्या शर्यतीत क्विकच्या मागे पडते. स्टेबल तीही नाही.

तेव्हा सौदा असा आहे: मर्ज जागा मागते, क्विक हमी देत नाही, हीप वेग सोडते, आणि या शेवटच्या दोघींना बरोबरीच्या क्रमाचे सोयरसुतक नाही. जागा न मागता स्टेबल आणि वेळेची हमी देणाऱ्या पद्धती आहेत, पण त्या इतक्या किचकट, की व्यवहारात क्वचितच वापरल्या जातात.

या सौद्यातली रस्सीखेच लिनक्सवर चालणाऱ्या असंख्य प्रोग्रामांच्या तळाशी असलेल्या `glibc` या लायब्ररीत नुकतीच दिसली. तिच्यातले `qsort` हे फंक्शन प्रत्यक्षात वर्षानुवर्षे मर्ज सॉर्ट वापरत होते. यादी संगणकाच्या एकूण मेमरीच्या चतुर्थांशाहून मोठी निघाली, तरच ते क्विककडे वळे. म्हणजे तोच प्रोग्राम, तीच यादी, मोठ्या संगणकावर स्टेबल आणि छोट्यावर नाही! सी भाषेच्या मानकाने स्टेबलपणाचे वचन कधी दिलेलेच नाही. 2023 मध्ये मर्ज काढून इंट्रोसॉर्ट बसवली गेली. जास्तीची मेमरी मागायला नको आणि वाईट दिवसांचाही बंदोबस्त. पण कितीतरी प्रोग्राम न दिलेल्या वचनावर विसंबून होते, ते अडखळू लागले. जानेवारी 2024 मध्ये मर्ज परत आली. आता मेमरी मिळाली नाही, तर काम हीप सॉर्टकडे जाते.

इतरांनी निवड अधिक उघडपणे केली आहे. लिनक्सच्या कर्नेलमध्ये अ‍ॅरेसाठी हीप सॉर्ट आहे. तिथे मेमरी जपून वापरायची असते आणि बाहेरच्याने रचलेल्या यादीपुढे अडकून पडणे परवडत नाही. त्याच कर्नेलमध्ये लिंक्ड लिस्टसाठी मात्र मर्ज सॉर्ट आहे, कारण तिथे नोंदी हलवाव्या लागत नाहीत, नुसते दुवे बदलले की भागते. जावामध्ये नुसत्या आकड्यांना क्विकचा एक प्रकार लावला जातो. दोन पाचांपैकी आधीचा पाच कोणता, हे कोणी विचारत नाही. ऑब्जेक्टसाठी मात्र टिमसॉर्ट. टिम पीटर्स यांनी ती 2002 मध्ये पायथनसाठी लिहिली. मर्ज आणि इन्सर्शनचा हा मिलाफ यादीत आधीच लागलेले पट्टे हुडकून तेवढे काम वाचवतो. संपूर्ण लागलेल्या यादीला एक फेरी पुरते. ती स्टेबल आहे, पण निम्म्या यादीएवढी जागा मागू शकते.

वापरणाऱ्याने यातून घ्यायचे ते असे. लागलेली यादी दुसऱ्या निकषाने पुन्हा लावायची असेल, तर आपल्या भाषेचे सॉर्ट फंक्शन स्टेबलपणाचे वचन देते का, हे तिच्या कागदपत्रांत बघावे. प्रयोगावर भिस्त ठेवू नये, निदान छोट्या प्रयोगावर तरी. क्रोम ब्राउझरमध्ये 2018 पर्यंत दहा नोंदींपर्यंतच्या यादीला इन्सर्शन सॉर्ट आणि त्याहून मोठ्या यादीला क्विक सॉर्ट लागत असे. आठ नोंदींवर तपासलेला प्रोग्राम बिनचूक भासे आणि गिऱ्हाइकाच्या पन्नास नोंदींवर क्रम विस्कटे. तपासायचेच असेल, तर हजारो नोंदी घ्याव्यात, त्यांत बरोबरी भरपूर ठेवावी आणि प्रत्येकीला मूळ अनुक्रमांक देऊन तो शेवटी बघावा. वचन नसेल, तर तुलनेच्या फंक्शनमध्येच सांगून टाकावे, की तालुका सारखा असेल तर नाव बघ, नावही सारखे असेल तर अनुक्रमांक. मग बरोबरी उरतच नाही, आणि आत कोणतीही सॉर्ट असली तरी निकाल एकच येतो.