फुरसं, घोडा आणि दहावा दिवस

इम्युनॉलॉजी म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीचं शास्त्र. एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला ते मायक्रोबायॉलॉजीत शिकवतात, आणि मायक्रो आवडणारी मुलंही इथे अडखळतात. क्षयाचा जीवाणू सूक्ष्मदर्शकाखाली बघता येतो, त्याचे रुग्ण वॉर्डात भेटतात. इम्युनॉलॉजीत मात्र सीडी४, सीडी८, सी३, सी५, आयएल-२, आयएल-४ अशी एकमेकांसारखी नावं पानोपानी येतात आणि डोळ्यांसमोर काहीच उभं राहत नाही. अनंतनारायण यांच्या पुस्तकातला तो भाग दोन-तीनदा वाचला, रंगीत पेनांनी रंगवला, तरी व्हायवात साधा प्रश्न आला की बोलती बंद होते.

एका सरकारी वैद्यकीय महाविद्यालयातल्या इंटर्न मुलीने तिच्या सेकंड इयरच्या ज्युनिअरला लिहिलेलं पत्र नेमकं याच अडचणीवर आहे. ज्युनिअरची तक्रार होती, “ताई, वाचताना सगळं कळतं, पुस्तक मिटलं की काहीच राहत नाही.” परीक्षेला पाच आठवडे उरले होते. ताईने सगळ्या इम्युनॉलॉजीचा पसारा न मांडता एकच प्रकरण निवडलं, ‘हायपरसेन्सिटिव्हिटी’. प्रतिकारशक्ती जेव्हा गरजेपेक्षा जास्त किंवा भलत्या ठिकाणी पेटते आणि शरीराचंच नुकसान करते, तेव्हा त्याला हे नाव आहे. फिलिप जेल आणि रॉबिन कूम्ब्स यांनी १९६३ मध्ये तिचे चार प्रकार पाडले आणि आजही परीक्षा त्याच चौकटीत होते. हे एक प्रकरण नीट बसलं, की अँटिबॉडी, कॉम्प्लिमेंट, टी पेशी हे सगळं त्याच्या मागून येतं, असं तिचं म्हणणं. ते पटण्यासारखं आहे, कारण या चार प्रकारांत प्रतिकारशक्तीचा जवळजवळ प्रत्येक घटक कुठे ना कुठे कामाला लागलेला असतो.

पत्रातली पहिली सूचना पुस्तक उघडण्याआधीची आहे: “कोरा कागद घे. चारही प्रकारांबद्दल जे आठवतं ते लिही. चुकलं तरी चालेल, रिकामं राहिलं तरी चालेल. मग पुस्तक उघड आणि हिरव्या पेनाने भर घाल. तुझा खरा अभ्यास त्या हिरव्या शाईएवढाच आहे.”

ही नुसती अनुभवाची युक्ती नाही. सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांनी एक उतारा दोनदा वाचला. इतरांनी तो एकदा वाचला आणि नंतर न बघता आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा दोनदा वाचणारे पुढे होते, ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्याने चित्र उलटलं. वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवलं, लिहून काढणाऱ्यांना ५६. ज्युनिअरच्या तक्रारीचं उत्तर या आकड्यांत आहे. पुन्हा वाचल्यावर मजकूर ओळखीचा वाटतो आणि ती ओळख म्हणजेच पाठांतर असा समज होतो. व्हायवात मात्र पान समोर नसतं.

मुलांमध्ये या प्रकरणासाठी एक तोंडपाठ सूत्र फिरतं: ‘अ‍ॅसिड’. अ‍ॅनाफिलॅक्टिक, सायटोटॉक्सिक, इम्यून कॉम्प्लेक्स आणि डिलेड या चार नावांच्या इंग्रजी आद्याक्षरांतून ते बनतं. ताईचा त्याला विरोध नाही, पण ते नावांच्या पुढे नेत नाही हे ती स्पष्ट सांगते. तिच्या मते प्रत्येक प्रकाराला तीन प्रश्न विचारायचे. लढतंय कोण? कुठे? आणि किती वेळात?

मग ती एक केस घेते. कोकणातला एक शेतकरी, भातकापणीत फुरसं चावलेला. त्याला दवाखान्यात सर्पविषावरचं प्रतिविष दिलं. आपल्याकडचं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर चालतं, आणि ते घोड्याच्या रक्तातून काढलेलं असतं. मुंबईच्या हाफकिनमध्ये ते वर्षानुवर्षं बनत आलं आहे. घोड्याला विषाचे अगदी लहान डोस टोचत नेतात, त्याच्या शरीरात विषाविरुद्ध अँटिबॉडी तयार होतात, आणि त्या शुद्ध करून माणसाला देतात. रुग्ण वाचतो. सहाव्या-सातव्या दिवशी घरी जातो. दहाव्या दिवशी ताप, अंगावर पित्त, गुडघे-घोटे सुजलेले, अशा अवस्थेत परत येतो. विष तर कधीच उतरलेलं असतं. मग हे काय?

इथे पत्र थांबतं आणि ज्युनिअरला उत्तर लिहायला सांगतं. पुढच्या पानावर उलगडा आहे. घोड्याची प्रथिनं माणसाच्या शरीराला परकी. पहिल्याच भेटीत त्यांच्याविरुद्ध पुरेशा अँटिबॉडी तयार व्हायला आठवडा-दीड आठवडा लागतो. तोवर परकी प्रथिनं रक्तात फिरतच असतात. अँटिबॉडी येतात तेव्हा दोघांची जोडी जमते. जोड्या मोठ्या असल्या तर सफाई करणाऱ्या पेशी त्या उचलतात. पण सुरुवातीला प्रथिनं जास्त आणि अँटिबॉडी कमी असतात, त्यामुळे जोड्या लहान राहतात, सफाईतून निसटतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत, सांध्यांत, मूत्रपिंडात अडकतात. तिथे कॉम्प्लिमेंट नावाची प्रथिनांची साखळी पेटते आणि सूज येते. म्हणूनच अशा रुग्णाच्या रक्तात सी३ आणि सी४ कमी झालेले सापडू शकतात, ते तिथे खर्च होत असतात. हा तिसरा प्रकार, ‘सीरम सिकनेस’. क्लेमेन्स फॉन पिर्के आणि बेला शिक यांनी १९०५ मध्ये त्याचं सविस्तर वर्णन केलं, तेही घोड्याचं सीरम टोचलेल्या मुलांना पाहूनच.

ताई लिहिते, “दहावा दिवस का, हे ज्याला सांगता येतं त्याला तिसरा प्रकार पाठ करावा लागत नाही.” आणि लगेच उलटा प्रश्न टाकते: याच माणसाला पुढे कधीतरी पुन्हा प्रतिविष लागलं तर? त्रास दहाव्या दिवसाऐवजी दोन-चार दिवसांतच उमटू शकतो, कारण आता शरीराला ओळख आहे.

उरलेले तीन प्रकार ती भराभर उरकते. पहिल्या प्रकारात आयजीई अँटिबॉडी मास्ट पेशींवर आधीच बसलेली असते. पेनिसिलिनसारखं औषध आलं की काही मिनिटांत हिस्टामिन सुटतं, पित्त उठतं, श्वास अडतो, रक्तदाब कोसळतो, आणि मोठ्या माणसाला मांडीच्या स्नायूत अर्धा मिलिग्रॅम अ‍ॅड्रिनॅलिन द्यावं लागतं. दुसऱ्यात अँटिबॉडी थेट पेशीच्या पृष्ठभागावर चिकटते. बी गटाच्या माणसाला चुकून ए गटाचं रक्त चढलं तर त्या तांबड्या पेशी फुटतात, तो हा प्रकार. चौथ्यात अँटिबॉडीचा संबंधच नाही, तिथे टी पेशी येतात आणि त्यांना जमायला दोन-तीन दिवस लागतात. मांटू चाचणीत ०.१ मिलिलिटर द्रव हाताच्या कातडीत टोचतात आणि ४८ ते ७२ तासांनी बघतात, ते यामुळेच. मोजायचा असतो तो बोटाला लागणारा कडकपणा. नुसती लाली मोजणारा विद्यार्थी व्हायवात हमखास सापडतो.

एक सावधगिरीही पत्रात आहे. चुकीचं रक्त चढल्यावरचा त्रासही मिनिटांतच सुरू होऊ शकतो, म्हणून पहिला आणि दुसरा प्रकार वेळेवरून वेगळा काढता येत नाही. तिथे ‘कुठे?’ हा प्रश्न कामी येतो. तसंच, प्रतिविष देताच मिनिटांत येणारी प्रतिक्रिया अ‍ॅनाफिलॅक्सिससारखीच दिसते, पण ती आयुष्यातल्या पहिल्याच डोसलाही येते आणि दर वेळी आयजीईमुळे येते असं नाही. परीक्षेत पहिल्या प्रकाराचं उदाहरण म्हणून पेनिसिलिन लिहिणं जास्त सुरक्षित.

यानंतर वेळापत्रक. आज शिकलेलं उद्या, मग चौथ्या, बाराव्या आणि चोविसाव्या दिवशी कोऱ्या कागदावर काढायचं. अंतर वाढत का न्यायचं, तर थोडं विसरायला लागल्यावर जोर लावून आठवलेलं जास्त टिकतं. निकोलस सेपेडा आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये हे मोजून दाखवलं. परीक्षा आठवड्यावर असेल तर उजळणीसाठी एक दिवसाचं अंतर सगळ्यात फलदायी ठरलं आणि ३५ दिवसांवर असेल तर सुमारे ११ दिवसांचं. तो प्रयोग एकाच उजळणीचा होता. ताईने त्याला आधीच्या दोन छोट्या उजळण्या जोडल्या आहेत आणि शेवटची आपल्या अंदाजाने ठेवली आहे. परीक्षा चार दिवसांवर आली असताना ही योजना सुरू केली तर तिचा फारसा उपयोग नाही, हेही तिने लपवलेलं नाही.

मधल्या दिवसांसाठी पत्त्यांएवढी कार्डं. पुढे प्रश्न, मागे उत्तर. जर्मनीच्या सेबास्टियन लाइटनर यांनी १९७२ मध्ये सुचवलेली खोक्यांची रीत ती वापरते. आलेलं कार्ड पुढच्या खोक्यात जातं आणि उशिरा परततं, चुकलेलं पहिल्या खोक्यात येतं आणि उद्याच समोर उभं राहतं. बिघडतं ते कार्ड लिहिताना. ज्युनिअरने आधी बनवलेल्या एका कार्डाचा नमुना पत्रात आहे: ‘टाइप थ्री सांगा’. मागे अकरा ओळी. अशा कार्डावर दर वेळी सात-आठ ओळी आठवतात, मन ‘जमलं’ म्हणतं आणि त्याच तीन ओळी कायम निसटतात. ताईने त्याची वेगवेगळी कार्डं करून दिली. ‘सीरम सिकनेस आठवड्याने का येतो?’ ‘लहान जोड्या मोठ्यांपेक्षा घातक का?’ ‘सी३ कमी का होतं?’ एका कार्डावर एकच गोष्ट, आणि जमेल तिथे प्रश्न ‘का’चा. तेच कार्ड चार-पाचदा चुकलं तर पुन्हा घोकायचं नाही. ते फाडायचं, पुस्तकात मूळ गोष्ट समजून घ्यायची आणि प्रश्न नव्याने लिहायचा.

योजना पक्की झाली का, हे तपासायला शेवटी एकच औषध दिलं आहे, पेनिसिलिन. ते चारही प्रकार घडवू शकतं. मिनिटांत अ‍ॅनाफिलॅक्सिस, तांबड्या पेशींना चिकटून त्यांचा नाश, आठवड्या-दोन आठवड्यांनी सांधेदुखी आणि ताप, आणि कातडीला वारंवार लागल्यास दोन दिवसांनी उठणारा इसब. ज्युनिअरने पुस्तक न उघडता चार रुग्ण रचायचे आणि प्रत्येकाचा ‘कोण, कुठे, किती वेळात’ लिहायचा.

ताजा कलम ग्रेव्हज आजारावर आहे. त्यात अँटिबॉडी थायरॉइडच्या पेशीला चिकटते, पण तिला मारत नाही, उलट जास्त कामाला लावते. काही पुस्तकं त्याला पाचवा प्रकार म्हणतात, काही दुसऱ्यातच बसवतात. ताईचा सल्ला असा की उत्तरात दुसरा प्रकार लिहावा, आणि पुढच्याच वाक्यात पाचव्याचा उल्लेख करून पेशी मरत नाही हे कारण द्यावं. व्हायवात उपप्रश्न येतो तो तिथेच.