आवाज येतोय का? स्क्रीन दिसतेय का?

एखाद्या संकेतस्थळावर किंवा ॲपमध्ये मदतीसाठी चॅटची खिडकी उघडली, की पुष्कळ जण पहिला संदेश अडचणीचा लिहीत नाहीत. आधी खात्री करून घेतात: ‘माझा आवाज येतोय का? स्क्रीन दिसतेय का?’ प्रश्न टाइप केलेला असतो, पण अपेक्षा अशी असते की पलीकडचा माणूस आपले बोलणे ऐकतो आहे आणि आपल्यासमोरचा पडदा त्यालाही दिसतो आहे. बहुतेक वेळा दोन्ही गोष्टी घडत नसतात.

ही सवय फोनवरून आणि ऑनलाइन बैठकांतून आलेली आहे. फोनवर ‘हॅलो, आवाज येतोय का?’ असे विचारले, की तो प्रश्नच आवाजाच्या वाटेने जातो. उत्तर आले म्हणजे वाट चालू आहे हे सिद्ध होते. बैठकीत स्क्रीन दाखवणाऱ्याला इतरांना काय दिसते हे स्वतःला कळत नाही, म्हणून तो विचारतो. २०२० च्या टाळेबंदीत शाळेचे वर्ग आणि कचेऱ्यांचे काम घरातून सुरू झाले, तेव्हा ही दोन वाक्ये लहानथोरांच्या तोंडी बसली. चॅटमध्ये मात्र तोच प्रश्न अक्षरांच्या वाटेने जातो. तो पोहोचला याचा अर्थ अक्षरे पोहोचतात, एवढाच. आवाजाबद्दल किंवा स्क्रीनबद्दल त्यातून काहीच कळत नाही.

गैरसमजाला खिडकीची सजावटही हातभार लावते. चॅटच्या बटणावर कानाला हेडफोन लावलेल्या माणसाचे चित्र असते. वर ‘लाइव्ह’ असे लिहिलेले असते. टाइप करायच्या चौकटीच्या कडेला किंवा मोबाइलच्या कीबोर्डवर माइकचे चिन्ह असते. कीबोर्डवरचा तो माइक बोललेले शब्द अक्षरांत उतरवून देतो. चौकटीत अक्षरे उमटतात आणि पाठवल्यावर पलीकडे तीच जातात, आवाज जात नाही. काही ॲपमध्ये माइक दाबून धरला की ध्वनिसंदेश तयार होतो. त्यात आवाज जातो खरा, पण फाइलच्या रूपाने आणि बोलणे संपल्यावर. समोरच्याने ती फाइल उघडली तरच तो ऐकू येतो. सलग बोलणे ही या दोन्हींहून वेगळी, तिसरी गोष्ट आहे.

अक्षरे आणि आवाज यांचा प्रवास मुळातच निराळा आहे. ‘माझा आवाज येतोय का?’ या वाक्यात काने-मात्रे धरून देवनागरीची १५ चिन्हे, तीन मोकळ्या जागा आणि एक प्रश्नचिन्ह आहे. संगणकाच्या प्रचलित पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, मोकळ्या जागेला आणि प्रश्नचिन्हाला एकेक. म्हणजे सगळा मजकूर ४९ बाइटचा होतो. पाठवा हे बटण दाबले, की तो एका गठ्ठ्यात जातो. वाटेत काही हरवले तर पुन्हा पाठवला जातो. दोन सेकंद उशीर झाला तरी बिघडत नाही. आवाजाचे असे नाही. जुन्या डिजिटल टेलिफोनच्या मानकात एका सेकंदाच्या बोलण्याला ८,००० बाइट लागतात. आजच्या इंटरनेट कॉलमध्ये आवाज बराच आवळून पाठवतात, तरी त्याचे साधारण २० मिलिसेकंदांचे तुकडे, सेकंदाला पन्नास, अखंड वाहत राहावे लागतात. उशिरा आलेला तुकडा निरुपयोगी म्हणून टाकून दिला जातो. त्यामुळे आवाजासाठी दोन टोकांमध्ये वेगळी जोडणी उभी करावी लागते आणि ती उभी करण्याची सोय त्या चॅटमध्ये मुद्दाम ठेवलेली असावी लागते. नसेल, तर माइक कितीही चांगला असला तरी त्यात बोललेले कुठेच जात नाही. काही कार्यालयांच्या नेटवर्कवर अक्षरांची वाट मोकळी असते, आवाजाची मात्र सुरक्षेसाठी अडवलेली असते. तिथे चॅट सुरळीत चालते आणि कॉल जोडला जात नाही, तो यामुळे.

समजा, सांगलीच्या एका बाईंनी घरच्या संगणकावरून विजेचे बिल भरले. खात्यातून पैसे गेले, पण पावतीच्या जागी चुकीचा लाल संदेश आला. त्यांनी त्याच पानावरची चॅट उघडली आणि वरचे दोन प्रश्न लिहिले. पलीकडे बसलेल्या मदतनिसासमोर त्या वेळी काय असते? त्यांनी लिहिलेले शब्द असतात. बहुतेक व्यवस्थांत त्या संकेतस्थळाच्या कोणत्या पानावर आहेत, कोणता ब्राउझर वापरतात आणि जोडणीवरून अंदाजाने काढलेले शहर, एवढे बाजूला दिसते. काही ठिकाणी पाठवा दाबण्याआधीचा, अर्धवट टाइप केलेला मजकूरही दिसतो. पानाचा पत्ता दिसणे म्हणजे पान दिसणे नव्हे. तो लाल संदेश, बाईंनी भरलेला ग्राहक क्रमांक, शेजारी उघडे असलेले बँकेचे पान यांतले मदतनिसाला काहीही दिसत नाही.

अशा वेळी सर्वांत घात करणारे उत्तर म्हणजे नुसते ‘हो’. एकाच वेळी दोन-तीन चॅट सांभाळणारा मदतनीस ‘हो, बोला’ असे सवयीने लिहितो. त्याच्या मनात अर्थ असतो, ‘संदेश मिळाला, पुढे सांगा’. बाई तो शब्दशः घेतात आणि संगणकासमोर बोलू लागतात. इकडे शांतता पाहून मदतनीस थांबतो, तिकडे उत्तर येत नाही म्हणून बाई पुन्हा सांगतात. काही मिनिटे हालचाल झाली नाही की व्यवस्था चॅट आपोआप बंद करते आणि नव्याने रांगेत उभे राहावे लागते. उलट मदतनिसाने ‘इथे आवाज किंवा स्क्रीन पोहोचत नाही, आपण लिहिलेले तेवढे दिसते, लाल अक्षरांतला मजकूर जसाच्या तसा लिहा किंवा त्याचा स्क्रीनशॉट पाठवा’ असे लिहिले, तर काम दुसऱ्या संदेशापासूनच सुरू होते. स्क्रीनशॉट म्हणजे त्या क्षणाचा फोटो. नंतर पडद्यावर काय बदलले ते त्यात येत नाही. त्यामुळे पान बदलले की नवा काढावा लागतो, आणि पाठवण्याआधी खाते क्रमांक वगैरे झाकावा लागतो.

काही सेवांमध्ये चॅटमधूनच कॉल किंवा स्क्रीन शेअर करण्याची सोय असते. ती सुरू झाली की नाही हे ओळखायला पलीकडच्याला विचारावे लागत नाही, कारण वापरणाऱ्याच्या नकळत ती सुरूच होऊ शकत नाही, अशी ब्राउझरची रचना आहे. पान माइक मागते तेव्हा वर पत्त्याच्या पट्टीजवळ परवानगीची चौकट येते. ही मागणी फक्त `https` ने सुरू होणाऱ्या सुरक्षित पानालाच करता येते. परवानगीची चौकट आलीच नाही आणि ती पूर्वीही कधी दिलेली नसेल, तर त्या पानाने माइक घेतलेला नाही. स्क्रीनचा नियम आणखी कडक आहे. माइकची परवानगी ब्राउझर लक्षात ठेवू शकतो. स्क्रीनची दर वेळी नव्याने द्यावी लागते, आणि एक टॅब, एक खिडकी की पूर्ण पडदा दाखवायचा हेही दर वेळी निवडावे लागते. मोबाइलच्या ब्राउझरमधून स्क्रीन शेअर करण्याची सोय सहसा नसतेच, त्यासाठी ॲप लागते.

परवानगी दिल्यानंतरच्या खुणाही ठरलेल्या आहेत. आयफोनवर २०२० पासून माइक चालू असताना पडद्याच्या वरच्या बाजूला नारिंगी ठिपका दिसतो आणि कॅमेरा चालू असताना हिरवा. अँड्रॉइडच्या बाराव्या आवृत्तीपासून, म्हणजे २०२१ पासून, दोन्हींसाठी वर उजवीकडे हिरवी खूण येते. संगणकावर त्या टॅबवर चिन्ह उमटते आणि स्क्रीन दाखवली जात असेल तर शेअर करणे थांबवण्याची पट्टी दिसते. खूण नसेल, तर आवाज जात नाही. खूण असूनही ऐकू जात नसेल, तर दोष पुढे कुठेतरी आहे. बहुधा आवाज बंद ठेवण्याचे बटण दाबलेले असते, किंवा ब्राउझरने भलताच माइक निवडलेला असतो. कपाटातल्या, पण अजून ब्लूटूथने जोडलेल्या इयरफोनचा माइक निवडला गेला तर आवाज तिथून घेतला जातो. सेटिंगमध्ये माइकच्या नावासमोर आवाजाची पातळी दाखवणारी पट्टी असते. बोलताना ती हलली नाही, तर तो माइक चुकीचा किंवा बंद आहे.

स्क्रीनच्या बाबतीत दोन गोष्टी नेहमी बिघाड वाटतात, पण त्या बिघाड नसतात. एक टॅब शेअर केलेला असताना माणूस दुसऱ्या टॅबवर गेला, तर पलीकडे पहिलाच दिसत राहतो. आणि मोबाइलवर बँकेची अनेक ॲप स्क्रीन शेअर करताना पलीकडे नुसती काळी दिसतात, कारण त्यांनी स्वतःचे चित्र बाहेर जाण्यास मुद्दाम बंदी घातलेली असते.

ही बंदी कशासाठी, हे फसवणुकीच्या पद्धतीवरून कळते. फेब्रुवारी २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने दूरवरून फोन हाताळू देणाऱ्या ॲपच्या आधारे खात्यातले पैसे लुबाडले जात असल्याचा इशारा बँकांना दिला होता. पद्धत साधी असते. मदतनीस असल्याचे सांगणारा फोन येतो. अडचण ‘बघण्यासाठी’ तो एक ॲप घ्यायला लावतो आणि त्यात दिसणारा क्रमांक विचारतो. तो सांगितला आणि परवानग्या दिल्या, की पडद्यावर येणारा ओटीपी त्यालाही दिसतो. स्क्रीन दिसतेय का, या प्रश्नाचे उत्तर ‘दिसते’ असे असेल, तर अडचणीच्या पानाबरोबर वर सरकून येणारा प्रत्येक संदेशही दिसतो. म्हणून खरोखर स्क्रीन दाखवायचीच असेल, तर पूर्ण पडद्याऐवजी एकच टॅब निवडला जातो, आणि सुरुवात सेवेच्या अधिकृत पानावरूनच केली जाते.

सांगलीच्या बाईंच्या अडचणीला यातले काहीच लागत नाही. भरणा कधी केला, किती रुपयांचा, व्यवहार क्रमांक कोणता आणि लाल अक्षरांत काय लिहिले आहे, या चार गोष्टी पहिल्याच संदेशात टाइप केल्या, तर मदतनिसाला व्यवहार शोधता येतो. यातली प्रत्येक गोष्ट अक्षरांची आहे, आणि अक्षरांची वाट चालू असल्याचे तर चॅटमध्ये पहिले उत्तर आले तेव्हाच कळलेले असते.