निकालाआधीची महागाई

शेअर किंवा निर्देशांक किती अस्थिर आहे, हे दोन प्रकारे मोजतात. गेल्या वीस-तीस दिवसांतले रोजचे टक्केवारीतले बदल घेऊन त्यांचे प्रमाण विचलन काढले आणि ते वर्षाच्या हिशेबात मांडले, की ऐतिहासिक अस्थिरता मिळते. ती घडून गेलेल्या हालचालींचा हिशेब असते. गर्भित अस्थिरता, म्हणजे बाजाराच्या बोलीतली 'आयव्ही', ऑप्शनच्या चालू प्रीमियमवरून उलट गणित करून काढतात: पुढे किती चढउतार गृहीत धरले, तर आजचा भाव बरोबर ठरतो? निफ्टीच्या ऑप्शनांवरून पुढच्या तीस दिवसांसाठी असाच अंदाज देणारा निर्देशांक म्हणजे इंडिया व्हिक्स.

२०२४च्या लोकसभा निवडणुकीत एप्रिलच्या चौथ्या आठवड्यात व्हिक्स १०च्या आसपास होता, मेअखेर तो २४च्या घरात गेला. निफ्टीत तेवढी उलथापालथ झालेली नव्हती, पण ४ जूनचा निकाल ऑप्शनच्या मुदतीत येत होता.

समजा, एरवी निर्देशांक दिवसाला ०.८ टक्के हलतो आणि निकालाच्या दिवशी ४ टक्के हलेल असा बाजाराचा अंदाज आहे. सरासरी काढताना या आकड्यांचे वर्ग घेतात, त्यामुळे तो एक दिवस भारी पडतो. निकाल धरून मुदतीचे वीस दिवस उरले असतील, तर वार्षिक आयव्ही सुमारे १९ टक्के येते. निकाल नसता तर ती १३च्या आत राहिली असती. पाचच दिवस उरले की तीच आयव्ही ३१च्या जवळ जाते. म्हणजे घबराट वाढलेली नसतानाही आकडा चढतो, कारण शांत दिवस गळत जातात आणि मोठा दिवस तेवढाच राहतो. त्यात संरक्षणासाठी पुट घेणाऱ्यांची गर्दी झाली आणि विकणाऱ्यांनी जोखमीचा जादा मोबदला मागितला, की भर पडते. म्हणून आयव्हीला निव्वळ भाकीत समजू नये; तिच्यात विम्याच्या हप्त्यासारखा नफ्याचा वाटा असतो.

एक्झिट पोलनंतर ३ जूनला निफ्टी ३.२५ टक्के वाढला, पण अनिश्चितता कमी झाल्यासारखी वाटल्याने व्हिक्स उतरला. दुसऱ्या दिवशी निकालाने तो अंदाज उधळला आणि निफ्टी जवळजवळ ६ टक्के कोसळला; व्हिक्स पुन्हा उसळला. ५ जूनला मात्र तो झपाट्याने खाली आला. ऐतिहासिक अस्थिरतेचे उलटे झाले. ४ जूनची घसरण हिशेबात शिरल्यामुळे ती नंतरचे काही आठवडे फुगलेली दिसत राहिली.

नवख्यांचा तोटा होतो तो इथेच. निकालाआधी महाग कॉल घेतला, बाजार वरही गेला, पण अपेक्षेपेक्षा कमी. आयव्ही उतरल्याने प्रीमियम घटतो आणि दिशा बरोबर असूनही पैसे जातात. निकालाच्या तोंडावर ऐतिहासिक अस्थिरतेकडे बोट दाखवून ऑप्शन 'महाग' ठरवणेही तितकेच फसवे, कारण त्या आकड्यात तो दिवस अजून आलेलाच नसतो.